पहिले १५ सेंटिमीटर सोडून

सिव्हिल इंजिनीअरिंगचे निकाल लागले, की पायाखालच्या जमिनीची तपासणी करणाऱ्या कंपन्यांकडे अर्ज यायला लागतात. बायोडेटा निरनिराळे असतात, सोबतचं पत्र मात्र बहुतेकांचं एकच. ‘आपल्या नामांकित संस्थेत संधी मिळाल्यास मी माझ्या ज्ञानाचा उपयोग संस्थेच्या प्रगतीसाठी करीन. मी मेहनती आहे आणि मला सर्वांबरोबर मिळून काम करायला आवडतं.’ हेच पत्र बँकेला किंवा औषध कंपनीला पाठवलं तरी त्यातला एक शब्दही बदलावा लागत नाही. मग जमिनीत भोकं पाडून पोट भरणाऱ्या माणसाने ते का वाचावं?

हे पत्र वाचतं कोण, ते आधी पाहू. अशा कंपन्या बऱ्याचदा लहान असतात. मनुष्यबळ विभाग वगैरे काही नसतो. दोन रिपोर्टांच्या मधल्या वेळात मालक स्वतः किंवा वरिष्ठ जिओटेक्निकल इंजिनीअर अर्ज उघडतो. त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं : या मुलाला किंवा मुलीला उद्या साइटवर रिगपाशी एकटं सोडलं, तर वहीत जे लिहून येईल त्यावर मी सही करू शकेन का?

असा प्रश्न पडण्याचं कारण कामातच आहे. इमारत, पूल किंवा टाकी बांधण्याआधी त्या जागी बोअर घेतात, ठरावीक खोलीवर चाचण्या करतात, मातीचे नमुने आणि खडकाच्या कांड्या, म्हणजे कोअर, बाहेर काढतात. (शेतकरी खतासाठी करतो ते माती परीक्षण वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) कोणत्या खोलीवर काय लागलं याचा उभा तक्ता म्हणजे बोअर लॉग. पाया किती खोल न्यायचा आणि त्यावर किती भार टाकायचा, हे पुढे त्या तक्त्यावरून ठरतं. ड्रिलरला पैसे बहुधा मीटरवर मिळतात, त्यामुळे त्याला घाई असते. जागेच्या मालकाला घाई असतेच. रिगपाशी ज्याला घाई नसायला हवी असा एकच माणूस असतो, तो म्हणजे कंपनीचा ज्युनिअर इंजिनीअर. काम संपलं की भोक बुजवतात आणि मागे उरते ती त्याची वही.

त्यामुळे पत्रात शोधायचं असतं ते एवढंच, की हा माणूस मोजतो कसा आणि जे मोजलं ते लिहितो कसं.

या धंद्यात सगळ्यात जास्त केली जाणारी चाचणी म्हणजे एसपीटी. सुमारे ५ सेंटिमीटर व्यासाची, मधून उभी दुभंगणारी जाड नळी बोअरच्या तळाशी ठेवतात. वरून ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून पुनःपुन्हा पाडतात. नळी ४५ सेंटिमीटर आत जाईपर्यंत दर १५ सेंटिमीटरला किती घाव लागले ते मोजतात. समजा घाव ४, ६ आणि ९ आले. तर एन व्हॅल्यू १५ होते, १९ नाही. पहिल्या १५ सेंटिमीटरचे घाव लिहून ठेवतात, पण बेरजेत धरत नाहीत. ड्रिलिंगमुळे बोअरच्या तळाची माती आधीच ढवळलेली असते, गाळही साचलेला असतो, म्हणून तो आकडा जमिनीचा खरा जोर सांगत नाही.

अर्जाच्या पत्राचा पहिला परिच्छेदही वाचणारा असाच सोडून देतो. त्याची सुरुवात होते ती दुसऱ्या परिच्छेदापासून. तिथेही ‘मला सॉइल मेकॅनिक्समध्ये विशेष रुची आहे’ असंच काही असेल, तर नळी पोकळीत गेल्यासारखं होतं आणि वाचणारा पुढचा अर्ज उघडतो.

याउलट तिथे ‘३ मीटरवर घाव ४, ६, ९, एन १५’ एवढंच जरी असलं, तरी तीन गोष्टी कळतात. अर्जदाराने तिन्ही आकडे वेगवेगळे लिहिले, नुसती बेरीज लिहिली नाही. कोणता आकडा सोडायचा हे त्याला माहीत आहे. आणि तो बहुधा खरंच तिथे उभा होता. घरी बसून रचलेले आकडे ओळखू येतात. खोली वाढेल तशी एन व्हॅल्यू १०, २०, ३० अशी शहाण्या मुलासारखी चढत जाते. खरी जमीन इतकी शहाणी नसते, मध्येच एखादा मऊ थर निघतो आणि आकडा खाली येतो.

अर्जांमध्ये नेहमी दिसणारी दुसरी चूक ‘तिथल्या मातीची क्षमता चौरस मीटरला २५ टन होती’ अशा वाक्याची. ऐकायला भारदस्त आहे, पण अर्धवट. सुरक्षित भारक्षमता मातीच्या अंगात ठासून भरलेली नसते. पाया किती रुंद, किती खोल, पाणी कुठे आणि इमारत किती मिलिमीटर खचली तर चालेल, या सगळ्यांवर ती ठरते. तीच माती एका पायाला २५ टन देईल आणि दुसऱ्याला १५. हे न सांगता लिहिलेला आकडा म्हणजे कुणाच्या तरी रिपोर्टच्या शेवटच्या पानावरून उचललेला आकडा, असं वाचणारा धरून चालतो. आणि बहुतेकदा ते खरंच असतं.

आपल्याकडे पठारावर काम करायचं तर खडकाची नोंद जास्त महत्त्वाची. दख्खनचा बेसॉल्ट म्हणजे लाव्हाचे एकावर एक पसरलेले थर. दोन थरांच्या मध्ये कधी कधी लाल, मातीसारखा मऊ पट्टा सापडतो. शिवाय बेसॉल्ट झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि मुरमात मधोमध टणक गोटे शिल्लक राहतात. बोअर अशा गोट्यावर आदळला तर हातोडा उसळतो, ड्रिलर म्हणतो ‘पत्थर लग गया साब’ आणि रिग उचलायला निघतो. गोट्याखाली पुन्हा मुरूम असू शकतो. म्हणून खडक लागल्यावरही बोअर काही मीटर पुढे न्यावा लागतो, आणि ‘अजून खाली चला’ हे ड्रिलरला सांगण्याचं काम ज्युनिअरचं. नळी अडली तर तसंही लिहायचं : ‘५० घावांत ४ सेंटिमीटर’. नुसतं ‘खडक’ लिहायचं नाही, कारण नळी अडली हे पाहिलेलं असतं, खाली खडक आहे हा झाला अंदाज.

खडकातून निघालेल्या कांड्यांवरून आरक्यूडी नावाचा आकडा काढतात. ही पद्धत अमेरिकेतल्या डॉन डिअर यांनी १९६०च्या दशकात बसवली. एका दमात जेवढी लांबी खोदली तिला रन म्हणतात. त्या रनमधल्या १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब सलग तुकड्यांची बेरीज करायची आणि रनच्या लांबीने भागायची. भागायचं ते रनच्या लांबीने, बाहेर आलेल्या कोअरच्या लांबीने नाही. इथे पुष्कळ जण घसरतात. आरक्यूडी कोअर रिकव्हरीपेक्षा जास्त दाखवणारं पत्रही येतं. रिकव्हरीत लहानमोठे सगळे तुकडे धरतात आणि आरक्यूडीत त्यातले फक्त लांब, त्यामुळे असं होणं शक्यच नाही. दोन आकडे शेजारी ठेवले की चूक उघडी पडते.

एक उदाहरण करून पाहू. रन १५० सेंटिमीटरचा. पेटीत १२० सेंटिमीटर कोअर आला, म्हणजे रिकव्हरी ८० टक्के. तुकडे असे : २४, १८, १३, ११, ९, ८ आणि बाकी ३७ सेंटिमीटरचा बारीक चुरा व खपल्या. दहाच्या वरच्या चार तुकड्यांची बेरीज ६६. भागिले १५०, म्हणजे ४४ टक्के. डिअर यांच्या वर्गवारीत हा ‘निकृष्ट’ खडक, कारण तो गट २५ ते ५० टक्क्यांचा.

आता ९ आणि ८ सेंटिमीटरचे तुकडे हातात घेऊन एकमेकांना लावून बघा. कडा तंतोतंत बसतात. तुटलेली बाजू ताजी, खरखरीत, स्वच्छ आहे. तिच्यावर तांबूस डाग नाही, चिकणमातीचा लेप नाही, पांढऱ्या खनिजाचा थर नाही. याचा अर्थ ही भेग जमिनीत नव्हती. नळीतून कोअर बाहेर काढताना हेल्परने ठोकलं आणि तुकडा तिथे मोडला. अशी तूट सोडून द्यायची आणि दोन्ही मिळून १७ सेंटिमीटरचा एक तुकडा धरायचा. बेरीज ८३ होते आणि आरक्यूडी ५५ टक्के. खडक ‘निकृष्ट’मधून ‘मध्यम’ गटात गेला. जमिनीत काहीही बदललं नाही, फक्त कुणीतरी वाकून नीट पाहिलं. याच्या उलटही होतं. जुन्या डागाळलेल्या भेगेला ‘ड्रिलिंगमध्ये मोडलं’ म्हणत खडकाला फुकटचा चांगुलपणा बहाल करता येतो. ही लबाडी जास्त महागात पडते. शंका असेल तर भेग खरी धरायची, हा सुरक्षित मार्ग.

आता एक पत्र पाहू. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जाईल. इथे मराठीत देतो. अर्जदार काल्पनिक आहे, जागा पुण्याच्या आसपासची समजा.

‘विषय : ज्युनिअर जिओटेक्निकल इंजिनीअर (साइट) या पदासाठी अर्ज

महोदय,

मी यंदा सिव्हिल इंजिनीअरिंगची पदवी पूर्ण केली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी, आमच्या कॉलेजच्या नव्या वसतिगृहाच्या जागेवर बोअर चालू असताना मी रिगपाशी थांबून स्वतंत्र नोंदी ठेवल्या. काम बाहेरच्या कंपनीचं होतं, मी त्यांच्या नोकरीत नव्हते.

पहिल्या बोअरमध्ये १.८ मीटरपर्यंत काळी माती, ४.५ मीटरपर्यंत पिवळसर मुरूम आणि तिथून बोअर संपेपर्यंत, म्हणजे ७.५ मीटरपर्यंत, बेसॉल्ट मिळाला. ३ मीटरवर एसपीटीचे घाव ४, ६, ९ होते; एन १५. काळ्या मातीचा फ्री स्वेल इंडेक्स मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काढला. पाण्यातल्या नमुन्याचं आकारमान १९ मिलिलिटर आणि रॉकेलमधल्याचं ११ मिलिलिटर झालं, म्हणजे ७३ टक्के.

बोअर संपला तेव्हा पाणी १.२ मीटरवर होतं. २४ तासांनी ते ३.४ मीटरवर गेलं. मी ३.४ धरलं आहे. ही फेब्रुवारीतली नोंद आहे. पावसाळ्यातली पातळी मोजलेली नाही.

खडकातल्या पहिल्या रनचा आरक्यूडी मी ४४ टक्के काढला होता. दोन तुकड्यांमधली भेग ड्रिलिंगमुळे झालेली आहे, हे साइटवरच्या इंजिनीअरनी दाखवलं. ते तुकडे जोडून आता ५५ टक्के येतो. कोअर पेटीचा फोटो आणि दोन्ही गणितं सोबत आहेत.

ट्रायएक्शिअल चाचणी मी पाहिली आहे, केलेली नाही. खाडीकाठच्या मऊ मातीत काम केलेलं नाही.

आपल्या जाहिरातीत कोकणातल्या पुलांच्या कामांचा उल्लेख आहे. साइटवर राहण्याची माझी तयारी आहे. दुचाकी चालवते, मराठी आणि हिंदी बोलते. १ जुलैपासून रुजू होऊ शकते.

आपली विश्वासू,’

पत्र एका पानाचं आहे. त्यात विशेषणं जवळजवळ नाहीत. अनुभवी माणूस ते वाचताना कुठे थांबेल?

पहिल्यांदा पाण्यापाशी. बोअर घेताना आत पाणी सोडतात, त्यामुळे काम संपल्यावर लगेच मोजलेली पातळी आपणच ओतलेल्या पाण्याची असते. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मोजावं लागतं. रिग पुढच्या भोकावर गेलेली असताना जुन्या भोकापाशी फीत घेऊन जाणारा माणूस सांगितल्याशिवाय सहसा सापडत नाही. अर्जदाराने दोन्ही आकडे दिले, कोणता धरला ते सांगितलं आणि महिनाही लिहिला. फेब्रुवारीतलं ३.४ मीटरवरचं पाणी ऑगस्टमध्ये वर येणार. पायाचा खड्डा पावसाळ्यात उघडणार असेल तर याच एका ओळीवर पंपांचा खर्च ठरतो.

दुसऱ्यांदा फ्री स्वेलपाशी. ही चाचणी साधी आहे. चाळलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची, एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि दिवसभर ठेवून द्यायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतल्या फरकाला रॉकेलमधल्या आकारमानाने भागायचं. पत्रात नुसते ७३ टक्के लिहिलेले नाहीत, ते कुठून आले तेही दिलंय. वाचणारा मनातल्या मनात ८ भागिले ११ करतो आणि हिशेब जुळतो. ५० टक्क्यांच्या वर गेलेली माती पावसात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. अशा थरावर वसतिगृहाचा पाया ठेवायचा नाही, हे पत्रात लिहिलेलं नसूनही कळतं.

तिसऱ्यांदा तो ‘केलेलं नाही’ या वाक्यांपाशी थांबेल, आणि माझ्या मते संपूर्ण पत्रात वजनदार तीच. आपल्याकडे मुलांना उणिवा लपवायला शिकवतात. बायोडेटात सॉफ्टवेअरची रांग असते, मुलाखतीत त्यातल्या एकाबद्दल ‘यात मातीचा घर्षणकोन घातलात तो कुठून आणला?’ असं विचारलं की समोर शांतता. लॉगमध्ये प्रत्येक चाचणीला एक रकाना असतो, आणि चाचणी झाली नसेल तर तो रिकामा ठेवायचा असतो. रिकामा रकाना भरायची खोड ज्याला आहे तो साइटवर धोकादायक. ती खोड पत्रातच दिसते.

एक खाचखळगा मात्र आहे. इंटर्नशिप केलेली मुलं कौतुकाने कंपनीचा अख्खा रिपोर्ट अर्जाला जोडतात. तो रिपोर्ट ज्याने पैसे दिले त्या ग्राहकाचा असतो. दुसऱ्याचे कागद आपल्याला पाठवणारा उद्या आपले कागद तिसऱ्याला पाठवेल, असं वाचणाऱ्याच्या मनात येतं. जोडायचं तर स्वतःच्या वहीतलं एक पान, तेही परवानगी घेऊन आणि जागेचं नाव काढून.

ज्यांना रिग बघायलाच मिळाली नाही, त्यांनी काय करायचं? अशांचीच संख्या जास्त आहे, कारण अनेक कॉलेजांत हा विषय फळ्यावरच संपतो. गावाकडे विहीर खणत असतील किंवा रस्त्यासाठी डोंगर कापला असेल, तर सुरक्षित अंतरावरून, जमलं तर फीत लावून, थर मोजा. वरून किती काळी माती, किती मुरूम, कुठे मांजऱ्या, कुठे काळा फत्तर, पाणी कुठून झिरपतंय, तारीख कोणती. विहीर खणणाऱ्याने जे सांगितलं ते त्याच्या नावावर लिहा, आपण पाहिलं ते आपल्या. अशा एका पानावर उभं राहिलेलं पत्र एखाद्या झकपक प्रकल्प अहवालाला मागे टाकू शकतं.

पत्राने नोकरी मिळत नाही, मुलाखतीचं बोलावणं येतं. मुलाखतीत समोरचा बहुधा त्याच पानावर बोट ठेवून विचारतो, ‘हे पहिले चार घाव का सोडलेत?’ किंवा ‘हे दोन तुकडे जोडलेत, भेग ताजी कशावरून?’ म्हणून पत्रात तेवढंच लिहा, ज्याच्यावर दहा मिनिटं बोलता येईल. पाठवण्याआधी प्रत्येक आकड्याचं एकक तपासा, आरक्यूडी रिकव्हरीच्या आत आहे ना ते बघा, आणि पहिला परिच्छेद काढून टाकला तरी पत्राचं काही बिघडत नसेल तर तो काढूनच टाका.